साबण न होणारी चरबी

कोळशाचा ढीग कुणी काडी न लावताही पेटतो, हे मला फार लहानपणापासून माहीत आहे. आमचं घर चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खाण-वसाहतीत होतं आणि बाबा खाणीत सर्व्हेच्या कामाला. स्टॉकयार्डातल्या ढिगातून कधीकधी पांढुरका धूर निघायचा. मग डोझर वर चढायचा आणि ढीग दाबून दाबून बसवायचा. कोळसा हवेतला ऑक्सिजन हळूहळू घेत राहतो, त्यातून थोडी थोडी उष्णता निघते. ढीग छोटा असेल तर ती उडून जाते. मोठा असेल तर आतच साठते, आणि जितकं तापतं तितका ऑक्सिजन आणखी वेगानं खाल्ला जातो. डोझर फिरवायचा तो हवेच्या वाटा बंद करायला.

त्या ढिगात कुणी राहत असेल, असं मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते आलं पुण्यात. मी इथे एका कंपनीत बॅकएंडचं काम करते. माझी फ्लॅटमेट सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते आहे. एका रात्री जेवताना मी हा धुराचा किस्सा सांगितला, तर ती घास हातात धरून म्हणाली, "अगं, तुमच्या ढिगात राहणारा एक जीव आहे की! म्हणजे तुमच्या नाही, अमेरिकेतल्या."

त्या जीवाचं नाव थर्मोप्लाझ्मा ॲसिडोफिलम. त्या रात्रीनंतर दोन-तीन महिने मी ऑफिसच्या बसमध्ये दुसरं काही वाचलं नाही. कारण त्याची गोष्ट नीट कळली की आर्किया आणि बॅक्टेरिया यांच्यात नेमका काय फरक आहे, हे व्याख्या पाठ न करता कळतं. शाळेत मला फक्त एवढंच शिकवलं होतं की आर्किया म्हणजे 'टोकाच्या ठिकाणी राहणारे जिवाणू'. या छोट्याशा वाक्यात दोन चुका आहेत. ते बॅक्टेरिया नाहीत, आणि टोकाच्या ठिकाणीच राहतात असंही नाही.

आधी ढीग. १९७०च्या आसपास टॉम ब्रॉक इंडियाना विद्यापीठात होते. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून थर्मस ॲक्वाटिकस शोधणारे ते हेच. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या डार्लंड वगैरे मंडळींनी नैर्ऋत्य इंडियानातल्या खाणींबाहेर टाकलेल्या कोळशाच्या कचऱ्याचे नमुने आणले. हा कचरा आतून तापलेला असतो. शिवाय तिथल्या कोळशात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, भरपूर. पायराइटला हवा आणि पाणी मिळालं की सल्फ्युरिक ॲसिड तयार होतं. म्हणजे ढीग गरमही आणि ॲसिडनं भिजलेलाही. (बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्याकडच्या कोळशात गंधक कमी. आपला ढीग नुसताच पेटते." खरं आहे. आपल्या गोंडवाना कोळशात गंधक साधारण कमीच असतं.)

त्या नमुन्यातून जो जीव वाढला त्याला सगळ्यात जास्त मानवत होतं ५९ अंश सेल्सिअस तापमान आणि २ च्या आसपासचा पीएच. पीएच २ म्हणजे लिंबाच्या रसाएवढं आंबट, पण इथे लिंबाच्या जागी सल्फ्युरिक ॲसिड. आणि ते ५९ अंशावर तापवलेलं. एवढं असूनही मायक्रोस्कोपखाली जे दिसलं ते आणखीच विचित्र होतं. पेशींना ठरावीक आकार नव्हता. कुणी गोल, कुणी लांबट, कुणी वेडीवाकडी. कारण त्यांना भिंतच नव्हती.

हे का विचित्र, ते समजायला बॅक्टेरियाची भिंत डोळ्यांसमोर आणावी लागेल. बॅक्टेरियाच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकॅन नावाच्या पदार्थाची जाळी असते. साखरेच्या लांब साखळ्या, आणि त्यांना आडवे बांधणारे अमिनो आम्लांचे छोटे तुकडे. बाजारात कांदे भरलेली जाळीची पिशवी असते ना, तशी. आत पेशी पाण्यानं फुगून दाब देत असते आणि जाळी तिला फुटू देत नाही. पेनिसिलिन ही जाळी विणणाऱ्या एन्झाइमला अडवतं. आडवे टाके पडत नाहीत, पेशी वाढताना पिशवी उसवते आणि पेशी फुटते. आपल्या अश्रूंतलं लायसोझाइम साखरेच्या साखळ्या थेट कापतं.

आर्कियांमध्ये ही जाळी कुणाकडेच नाही. बहुतेकांकडे तिच्याऐवजी प्रथिनांच्या फरश्या असतात, एकाला एक लावून बसवलेल्या. तिला एस-लेयर म्हणतात. मिथेन बनवणाऱ्या काही आर्कियांकडे पेप्टिडोग्लायकॅनसारखीच दिसणारी एक जाळी आहे, पण तिच्यातली एक साखर वेगळी, साखरांचा जोड वेगळ्या जागी, आणि अमिनो आम्लंही वेगळ्या बाजूची. म्हणून लायसोझाइमला तिथे कापायला काही सापडत नाही आणि पेनिसिलिनला अडवायला. मला यात गंमत वाटली ती अशी की, दोन टीमनी एकमेकींचा कोड न बघता एकच फीचर लिहावं आणि स्क्रीनवर ते सारखंच दिसावं, तसं हे आहे.

थर्मोप्लाझ्माकडे यातलं काहीच नव्हतं. ना जाळी, ना फरश्या. १९७० साली भिंत नसलेले जीव म्हटले की एकच गट आठवायचा, मायकोप्लाझ्मा. हे बॅक्टेरिया. बहुतेक प्राण्यांच्या किंवा माणसांच्या शरीरात राहतात, जिथे तापमान, क्षार, सगळं यजमानानं सांभाळलेलं असतं. भिंत नसली तरी चालून जातं. तर या नव्या जीवालाही गरम जागी राहणारा मायकोप्लाझ्मा समजून त्याच खणात ठेवलं गेलं. नावातला 'प्लाझ्मा' तिथून आलाय. आमच्या भाषेत हे डक टायपिंग झालं. बदकासारखं चालतंय ना, मग बदक.

पण प्रश्न शिल्लक होता. घरात बसलेल्याला दार नसलं तरी चालतं. हा तर गरम ॲसिडमध्ये उघडा उभा होता. त्याच्या आणि ॲसिडच्या मध्ये काही नॅनोमीटर जाडीचा एक चरबीचा पडदा, बस्स. मग तो पडदा कशाचा आहे?

इथे साबण येतो. आजी-पणजीच्या काळात घरी साबण करायचे ते आठवा, किंवा हल्ली इन्स्टावर करतात ते. खोबरेल तेलात कॉस्टिक सोडा घालायचा, ढवळायचं. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन लांब शेपट्या चिकटलेल्या असतात. त्या शेपट्या म्हणजे फॅटी ॲसिड, आणि चिकटवणारा सांधा म्हणजे एस्टर. सोडा तो सांधा तोडतो. शेपट्या सुटतात, सोडियमला धरतात, तोच साबण. बॅक्टेरियाच्या पेशीचा पडदा अशाच रेणूंचा बनलेला असतो, फक्त तिथे ग्लिसरॉलला दोन शेपट्या आणि तिसऱ्या जागी फॉस्फेटचं डोकं. आपल्या पेशींचंही तेच. म्हणजे या सगळ्या पडद्यांचा साबण होऊ शकतो.

१९६०च्या दशकात कॅनडात मॉरिस केट्स आणि त्यांचे सहकारी मिठात राहणाऱ्या हॅलोबॅक्टेरियमची चरबी तपासत होते. नावात बॅक्टेरियम असलं तरी हाही आर्किया, फक्त तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं सांधे तोडायचा प्रयत्न केला, पण फॅटी ॲसिड जवळजवळ सुटेनात. कारण सांधा एस्टरचा नव्हताच, ईथरचा होता. एस्टरच्या सांध्यात कार्बनला एक जास्तीचा ऑक्सिजन दुहेरी बंधानं लटकलेला असतो आणि त्यामुळे त्या कार्बनवर हल्ला करायला पाणी, ॲसिड, सोडा सगळ्यांना जागा मिळते. ईथरमध्ये तो ऑक्सिजन नसतो. कार्बन, ऑक्सिजन, कार्बन, सरळ. हा सांधा तोडायचा तर हायड्रोआयोडिक ॲसिडसारखं जालीम काहीतरी लागतं.

शेपट्याही वेगळ्या निघाल्या. फॅटी ॲसिडची शेपटी गुळगुळीत, दोऱ्यासारखी. आर्कियाची शेपटी आयसोप्रीनचे तुकडे जोडून बनलेली, दर चौथ्या कार्बनला एक छोटी फांदी फुटलेली. झुडपाच्या काटक्यांसारख्या या शेपट्या एकमेकींत अडकून बसतात.

थर्मोप्लाझ्माची चरबी थॉमस लँगवर्दी यांनी तपासली. १९७२ साली त्यांना तिच्यात असेच ईथर सांधे आणि फांद्या असलेल्या शेपट्या दिसल्या आणि १९७७ पर्यंत पूर्ण रेणूचं चित्र स्पष्ट झालं. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोबाइल आडवा करून पुन्हा पाहिलं. साधा पडदा दुहेरी असतो. दोन कंगवे दात एकमेकांकडे करून धरा, तसा. कंगव्याची पाठ बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे, आणि दात मध्ये, एकमेकांना टेकलेले पण जोडलेले नाहीत. थर्मोप्लाझ्मामध्ये समोरासमोरचे दात एकमेकांना जोडून टाकलेले आहेत. म्हणजे कंगवे राहिले नाहीत, शिडी झाली. एकच रेणू, दोन्ही टोकांना ग्लिसरॉल, मध्ये चाळीस कार्बनच्या दोन साखळ्या, आणि चार ईथर सांधे. पडद्याच्या बाहेरच्या काठापासून आतल्या काठापर्यंत एकसंध. फ्लॅटमेट म्हणाली, साधा पडदा गोठवून फोडला तर तो मधून, दातांच्या जागी, दोन पापुद्र्यांत सुटतो. हा तसा सुटायला तयार नसतो, कारण मध्ये फटच नाही.

आता या पडद्याला काम काय आहे, त्याचा हिशोब करू. मोजणाऱ्यांनी थर्मोप्लाझ्माच्या आतला पीएच साधारण ५.५ ते ६.५ च्या आसपास मोजला आहे. आपण सोयीसाठी ६ धरू. बाहेर २. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, त्यामुळे चार अंकांचा फरक म्हणजे बाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पट प्रोटॉन. पण 'दहा हजार पट' ऐकून मला काही वाटलं नाही. मला आकडा मोजून हवा होता. पेशी एक मायक्रॉन व्यासाचा गोळा आहे असं मानलं:

```python
from math import pi
litre = 4/3 * pi * (0.5e-6)**3 * 1000
for pH in (6, 2):
    print(pH, round(litre * 10**-pH * 6.022e23))
```

आत ३१५. बाहेरच्या तेवढ्याच जागेत साडेएकतीस लाख.

लॅपटॉपवर ३१५ उमटल्यावर मी तो कार्यक्रम पुन्हा चालवला, एकक चुकलं की काय म्हणून. अख्ख्या पेशीत एका क्षणी मोकळे प्रोटॉन तीनशे. आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त माणसं असतात. अर्थात आतली प्रथिनं वगैरे पुष्कळ प्रोटॉन झेलून धरतात, त्यामुळे एकेका प्रोटॉनवर जीव टांगलेला नसतो. पण बाहेरची साडेएकतीस लाखांची गर्दी पडद्याला रेटत असताना तो किंचित जरी गळका असला तरी काय होईल, याचा अंदाज येतो.

आणि उष्णतेनं पडदा गळका होतोच. तापमान वाढलं की शेपट्या जास्त वळवळतात, त्यांच्यामध्ये क्षणभर फटी पडतात आणि त्यातून प्रोटॉन सटकतात. शिवाय ॲसिड एस्टरचा सांधाही तोडतं, आणि गरम असलं की लवकर तोडतं. फक्त ॲसिड असतं तर बॅक्टेरिया चालवून घेतात. खाणीतलं पायराइट खाऊन ॲसिड बनवणारे बरेच जण बॅक्टेरियाच आहेत. फक्त उष्णता असती तरी चालवून घेतात. ब्रॉक यांचा थर्मस ७० अंशांवर मजेत असतो, पण त्याच्या झऱ्याचं पाणी आंबट नसतं. दोन्ही एकदम आलं की बॅक्टेरिया विरळ होत जातात. थोडे अपवाद आहेत, पण तेही आपल्या शेपट्यांत काही ना काही जुगाड करूनच तिथे पोचलेत. थर्मोप्लाझ्माची शिडी कमी वळवळते, तिच्यात मधली फट नाही आणि तिचे सांधे ॲसिडला दाद देत नाहीत. सोबत आणखी एक युक्ती आहे. बहुतेक पेशींचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत विजेच्या दृष्टीनं ऋण असतो. थर्मोप्लाझ्मानं तो धन ठेवलाय. त्यामुळे आत येऊ पाहणाऱ्या प्रोटॉनला, जो स्वतः धन आहे, उलटा रेटा बसतो.

या सगळ्याची किंमत कळते ती ॲसिड काढून घेतल्यावर. ज्या जीवाला गरम सल्फ्युरिक ॲसिड फोडू शकत नाही त्याला साध्या, तटस्थ पाण्यात आणलं की तो फुटतो. पीएच ७ च्या दिशेनं न्यायचा अवकाश, गढूळ दिसणारी नळी निवळायला लागते, आणि निवळली की समजायचं आत पेशी उरल्या नाहीत. त्याचा पृष्ठभाग भरपूर प्रोटॉनच्या सान्निध्यातच टिकेल असा झालेला आहे. फ्लॅटमेटच्या मते हा प्रयोगशाळेतला सगळ्यात सभ्य जीव. डीएनए काढायला फोडाफोडी करावी लागत नाही.

एवढं वाचून मी खूश होते. उष्णता आणि ॲसिड ही अडचण, ईथरची शिडी हे उत्तर. रिक्वायरमेंट आणि डिझाइन जुळलं. मी हे फ्लॅटमेटला ऐकवलं, तर ती म्हणाली, "मग समुद्रातल्यांचं काय?"

समुद्राच्या खोल, काळ्या, दोन-चार अंश तापमानाच्या पाण्यात आर्किया भरपूर आहेत. ते अमोनियावर जगतात. ना उष्णता, ना ॲसिड. आणि त्यांच्या पडद्यातही हीच ईथरची शिडी आहे, थोड्या फरकानं. मिथेन बनवणारे आर्किया गोबरगॅसच्या टाकीत आहेत, गाईच्या पोटात आहेत, आपल्या आतड्यातही आहेत. त्या सगळ्यांकडे ईथरचे सांधे आहेत. म्हणजे हे गरम जागेसाठी शिवलेलं चिलखत म्हणता येत नाही.

२००७ साली डेव्हिड व्हॅलेंटाइन यांनी याकडे वेगळ्या बाजूनं बघायला सुचवलं. त्यांच्या म्हणण्यानुसार आर्कियांच्या सगळ्या घरांमध्ये सामाईक गोष्ट आहे ती ऊर्जेची कायमची तंगी. पेशी पडद्याच्या दोन बाजूंना प्रोटॉन किंवा सोडियमचा फरक राखून त्यावर एटीपी बनवते. पडदा जितका गळेल तितकं पंपाला पुन्हा उपसावं लागतं. गरम ॲसिडमध्ये गळती भयानक, म्हणून तंगी. खोल समुद्रात अमोनिया इतका विरळ की कमाईच कमी, म्हणून तंगी. ज्याची कमाई तुटपुंजी त्याला गळका माठ परवडत नाही. उलट बॅक्टेरिया परिस्थिती बदलली की झटपट बदलून नवं अन्न पकडणारे, त्यांना थोडी गळती चालते. मला हे पटतं. सगळ्याच उदाहरणांना बसतं असं नाही, पण 'टोकाची ठिकाणं' या कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी बसतं.

तरी एक गोष्ट यातही बसत नाही, आणि माझी झोप उडवली ती तिनंच. ग्लिसरॉलला फॉस्फेट दोन टोकांपैकी कुठल्याही टोकाला जोडता येतं. जे दोन रेणू तयार होतात ते एकमेकांचे आरसे, डावा हात आणि उजवा हात. बॅक्टेरिया वापरतात ग्लिसरॉल-३-फॉस्फेट. आर्किया वापरतात ग्लिसरॉल-१-फॉस्फेट. आणि हे हात घडवणारी दोन एन्झाइमं एकमेकांची नातेवाईक नाहीत, म्हणजे एकाचं बदलून दुसरं झालं असं म्हणायलाही जागा नाही. या डाव्या-उजव्यामुळे उष्णता जास्त सहन होत नाही. ॲसिड जास्त अडत नाही. गळती कमी होत नाही. फरक आहे, पण त्याचा उपयोग दाखवता येत नाही. कामावर मी असा कोड पाहिला की लगेच म्हणते, कुणीतरी काहीतरी विचार करून केलं असणार. इथे ते वाक्य म्हणायला तोंड उघडत नाही.

दोन्ही हात एकाच पडद्यात मिसळले तर पडदा अस्थिर होईल, म्हणून पूर्वज दोन वाटांनी गेले, असं एक जुनं उत्तर होतं. ते २०१८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या गटानं तपासून पाहिलं. त्यांनी ई. कोलाय या बॅक्टेरियात आर्कियाची चरबी बनवणारी एन्झाइमं घातली. पेशीच्या पडद्यात सुमारे तीस टक्के आर्कियाची, म्हणजे उलट्या हाताची, ईथरवाली चरबी झाली. पेशी मेल्या नाहीत. वाढल्या, आणि काही ताणांमध्ये तर मूळच्यांपेक्षा किंचित जास्त टिकल्या.

म्हणजे मिसळ चालते. हे कळल्यावर आपल्या स्वतःच्या पेशी जास्त कोड्यात टाकतात. आपल्या पेशींत डीएनए वाचणारी आणि प्रथिनं बनवणारी यंत्रणा आर्कियांच्या जवळची आहे; आपला एक पूर्वज आर्कियाच होता असं आज बहुतेक जीवशास्त्रज्ञ मानतात. त्यानं एक बॅक्टेरिया पोटात घेतला आणि त्याचं मायटोकॉन्ड्रियन झालं. पण पडदा मात्र आपल्याकडे आत-बाहेर सगळीकडे बॅक्टेरियाच्या पद्धतीचा, ग्लिसरॉल-३-फॉस्फेट आणि एस्टरवर उभा आहे. म्हणजे मधल्या काळात कुठल्या तरी पेशीनं चालू अवस्थेत, एकदाही न फुटता, आपला पडदा रेणूमागून रेणू बदलत नेला असणार. तिच्या पडद्यात काही काळ दोन्ही हात एकत्र असणार, ग्रोनिंगेनच्या ई. कोलायसारखे.